मीठ बंद केलं, बीपी मोजलंच नाही

आठवा महिना लागतो, संध्याकाळी चप्पल घट्ट होते, जोडवी बोटात रुतायला लागतात, आणि घरातून पहिला हुकूम सुटतो: मीठ बंद! भाजी अळणी, लोणचं-पापड वर्ज्य, शिवाय ‘पाणीही बेतानंच पी’. ती बिचारी आठवडाभर बेचव जेवते आणि सूज आहे तिथेच राहते. ही सूज मिठानं आलेलीच नसते.

गरोदरपणात रक्तातला पातळ भाग जवळजवळ निम्म्यानं वाढतो. त्यात वाढलेलं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देतं. पायांतलं रक्त वर चढायला वेळ लागतो आणि त्यातलं पाणी घोट्यांभोवती झिरपतं. दिवसभर उभं राहिलं की सूज वाढते. रात्री कुशीवर झोपलं की सकाळी बरीच उतरते. दोन्ही पायांवर सारखी असलेली, बीपी आणि लघवी ठीक असताना आलेली अशी सूज निरुपद्रवी असते. पाय उशीवर उंच ठेवावेत, थोडं चालावं, एवढंच तिला पुरतं.

अळणी जेवणाचा खरा तोटा वेगळाच आहे. मीठ बंद केलं म्हणजे उपाय झाला, असं वाटून बीपी मोजायचं राहून जातं. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर बीपी वाढून मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांना इजा करणारा आजार, त्यातही पाय सुजतात. पण तिथे रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडून पाणी बाहेर गळत असतं. बाहेर सूज दिसते, नसांमध्ये मात्र पाणी कमीच पडलेलं असतं. अशा वेळी पाणी तोडणं किंवा दुकानातून लघवीची गोळी आणून घेणं म्हणजे आटलेल्या रक्ताला आणखी आटवणं! जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे की, हा आजार टाळण्यासाठी गरोदरपणात मीठ तोडू नये. जिथे आहारात कॅल्शियम कमी असतं तिथे कॅल्शियमच्या गोळ्यांचा मात्र फायदा होतो. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या आणि डब्यात पडून राहणाऱ्या त्या गोळ्या त्यासाठीही असतात.

समजा, एका पहिलटकरणीला चौतिसावा आठवडा चालू आहे. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो. सासूबाई म्हणतात, ‘आम्हालाही असंच व्हायचं.’ खळग्यावरून काहीच ठरत नाही, तो साध्या सुजेतही पडतो. पण या आठवड्यात तिची अंगठी निघेनाशी झाली आहे, सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती फुगल्यासारखं दिसतं आणि दोन दिवस डोकं दुखतंय. आता दवाखाना गाठायलाच हवा. तिथे पाच मिनिटं बसवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजलेलं बीपी 146/94 निघतं आणि लघवीच्या पट्टीवर प्रोटीन दिसतं. 140/90 ही सीमा असते. काही तासांनी पुन्हा मोजूनही आकडा वरच राहिला, तर हा प्रीएक्लॅम्प्सियाच. मग रक्ताच्या तपासण्या, बीपीची गोळी, बाळावर लक्ष आणि बहुधा लवकर प्रसूती. आकडा 160/110 वर गेला तर थांबायला वेळच नसतो. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन द्यावं लागतं.

उलटी बाजूही तितकीच महत्त्वाची. पाय अजिबात न सुजताही हा आजार होतो. म्हणूनच निदानाच्या निकषांतून सूज केव्हाच वगळली गेली आहे. ‘माझे पाय तर छान आहेत’ म्हणून तपासणी चुकवणारीनं हे नक्की ध्यानात घ्यावं.

एकाच पायाची सूज हे वेगळंच प्रकरण. पोटरी दुखते, गरम लागते, लालसर दिसते, तेव्हा खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि गरोदरपणात ती डाव्या पायात जास्त आढळते. तिथे मालीश करू नये. त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यावी. सुजेबरोबर जिना चढताना खूप दम लागत असेल, तर तीव्र रक्तक्षय किंवा हृदयाचा आजार तपासावा लागतो.

पाय सुजले म्हणजे मुलगा, हे निव्वळ थोतांड. पाणी कमी प्यायल्यानं सूज उतरत नाही. आणि ‘बाळंतपण झालं की सुटलो’ हेही खरं नाही: बीपी बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातही चढू शकतं, झटकेही येऊ शकतात.

तेव्हा पुढच्या तपासणीला गेल्यावर आपलं बीपी किती आणि लघवीत प्रोटीन आहे का, हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तरं कार्डावर लिहून घ्या. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं किंवा चेहरा एकाएकी सुजणं, यांतलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. रात्र असली तरी 108 ला फोन करा.