ग्रीन पार्कला गाडी बदलताना

लंडनच्या ग्रीन पार्क स्थानकात पिकॅडिली, व्हिक्टोरिया आणि ज्युबिली या तीन भुयारी मार्गिका भेटतात. पण हे स्थानक एकदम असं आखलेलं नाही. पिकॅडिलीचा फलाट 1906 चा, व्हिक्टोरियाचा 1969 चा, ज्युबिलीचा 1979 चा. ज्या काळात जिथे बोगदा खणणं जमलं तिथे तो खणला आणि नंतर भुयारी वाटांनी सगळं जोडलं. पिकॅडिलीवरून ज्युबिलीकडे जाणारी वाट म्हणूनच लांबलचक आहे. लिफ्ट, रँप आणि उद्यानाच्या बाजूचं उताराचं प्रवेशद्वार 2011 मध्ये झालं. त्यानंतर इथे एकही पायरी न चढता गाडी बदलता येऊ लागली.

हीथ्रो विमानतळावर उतरून वॉटर्लूला निघालेला व्हीलचेअरवरचा प्रवासी घेऊ. पिकॅडिलीने ग्रीन पार्कपर्यंत, तिथून ज्युबिलीने वॉटर्लू. नकाशावर हे सोपं दिसतं. स्थानकांच्या नावांपुढे व्हीलचेअरची दोन चिन्हं असतात. निळ्या वर्तुळात पांढरी खुर्ची असेल तर रस्त्यापासून थेट गाडीत जाता येतं. पांढऱ्या वर्तुळात निळी खुर्ची असेल तर फक्त फलाटापर्यंत. हा फरक कळला नाही तर माणूस लिफ्टने आरामात फलाटावर पोहोचतो आणि गाडीच्या दारात अडकतो.

पण एवढंच पाहून भागत नाही. वॉटर्लूला ज्युबिलीचा भाग पायरीमुक्त आहे, तिथल्याच बेकर्लू आणि नॉर्दर्न मार्गिका नाहीत. त्यामुळे 'वॉटर्लूला जाता येतं का' हा प्रश्नच अपुरा पडतो. कोणत्या मार्गिकेने, हे विचारावं लागतं.

खरी मेख दारापाशी आहे. जुन्या खोल बोगद्यांत गाडीची फरशी फलाटापेक्षा उंच असते, आणि फलाट वळणावर असेल तर मधली फटही रुंदावते. लंडनच्या वाहतूक संस्थेने प्रत्येक फलाटासाठी हे मोजून पायरीमुक्त मार्गांच्या नकाशात दिलं आहे. पायरीची उंची रंगाने कळते: हिरवा म्हणजे 50 मिलिमीटरपर्यंत, पिवळसर नारिंगी म्हणजे 120 पर्यंत, लाल म्हणजे त्याहून जास्त. फट अक्षराने कळते: ए म्हणजे 85 मिलिमीटरपर्यंत, बी म्हणजे 180 पर्यंत, सी त्यापुढे. खुर्चीची पुढची लहान चाकं फटीत शिरण्याचा धोका असतो. म्हणून बरेच जण फटीशी काटकोन साधून मोठी चाकं आधी पलीकडे जातील अशी पाठमोरी खुर्ची नेतात. संपूर्ण नकाशात मला हा रंग आणि हे अक्षर सर्वांत मोलाचं वाटतं, कारण आपली खुर्ची आणि आपल्या हातांची ताकद घेऊन त्याचा अर्थ ज्याचा त्याला लावता येतो.

अख्खा फलाट उंचावणं अवघड, म्हणून ग्रीन पार्कला पिकॅडिली आणि व्हिक्टोरियाच्या फलाटांचा काही भागच उतार देऊन चढवला आहे. त्याला हंप म्हणतात. ठरावीक डब्यांची दारं बरोबर त्या उंचवट्यापुढे येतात. यातून एक गोष्ट निघते, जी नवख्याला हमखास चुकवते. हीथ्रोला चढताना ग्रीन पार्कला उतरण्याचा विचार करावा लागतो. हीथ्रोच्या लिफ्टजवळ पडतो म्हणून टोकाचा डबा धरला, तर ग्रीन पार्कला दार उघडतं तेव्हा समोर फलाट खाली असतो आणि उंचवटा कित्येक पावलं दूर. गाडी तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून चढतानाच कर्मचाऱ्याला कुठे उतरायचं ते सांगावं. तो योग्य डबा दाखवतो, लागला तर हाताने टाकायचा रँप आणतो आणि पुढच्या स्थानकाला कळवतो. ही मदत आधी नोंदवावी लागत नाही, आयत्या वेळी मागता येते.

ग्रीन पार्कला उतरल्यावर लिफ्टच्या खुणा पाळायच्या, गर्दीच्या मागे जायचं नाही. गर्दी सरकत्या जिन्याकडे ओढते. लिफ्टची वाट वेगळी आणि लांब, त्यामुळे नकाशा-अ‍ॅप सांगेल त्याहून जास्त वेळ हाताशी ठेवावा. वॉटर्लूला मात्र काम हलकं होतं. ज्युबिलीचा हा टप्पा 1999 चा, फलाट आणि डबा जवळपास समपातळीत, फलाटाच्या कडेला काचेची दारं.

या वाटेवरची एक लिफ्ट बंद असली तरी सगळीच वाट तुटते. म्हणून निघण्याआधी लिफ्टची स्थिती पाहून दुसरी वाट ठरवून ठेवावी. हीथ्रोहून एलिझाबेथ मार्गिकेने बाँड स्ट्रीट, तिथून ज्युबिली. ग्रीन पार्कला उतरावंच लागत नाही. भाडं जास्त पडतं. वाटेत लिफ्ट बंद आढळली आणि सार्वजनिक वाहतुकीने दुसरा सोयीचा मार्ग नसला, तर संस्था स्वखर्चाने टॅक्सी देते. ती स्थानकातल्या कर्मचाऱ्याकडे मागायची असते.