जाड सळई जोडायची कशी?

कारखान्यातून सळई येते ती साधारण 12 मीटर लांबीची, आणि इमारत त्याहून उंच असते. म्हणजे कॉलममधली प्रत्येक सळई कुठे ना कुठे जोडावी लागतेच. आपल्याकडची नेहमीची रीत म्हणजे लॅप. खालून आलेल्या सळईला वरची सळई काही अंतर चिकटून उभी करायची आणि बाइंडिंग वायरने बांधायची. दुसरी रीत कपलरची. यात दोन्ही सळयांच्या टोकांना आटे पाडतात आणि नळाला सॉकेट लावावा तसा एक जाड पोलादी कपलर दोन्ही टोकांवर फिरवून घट्ट करतात. लॅपला वेगळी वस्तू लागत नाही आणि कपलर विकत आणावा लागतो, त्यामुळे तो महागडा चोचला वाटतो. बारीक सळईच्या बाबतीत ही समजूत बरोबरही आहे. जाड सळईचा हिशेब मात्र वेगळा निघतो.

आधी लॅप काम कसा करतो ते पाहू. बाइंडिंग वायर फक्त सळया जागेवर धरून ठेवते, ताण ती पेलत नाही. खालच्या सळईतला ताण भोवतीच्या काँक्रीटमध्ये उतरतो आणि तिथून वरच्या सळईत शिरतो. म्हणजे खरा सांधा काँक्रीटच असतो. त्याची सळईवरची पकड पुरेशी व्हावी म्हणून लॅप लांब ठेवावा लागतो. आयएस 456 च्या सूत्रात एफई 500 सळई आणि एम 40 काँक्रीट घातले, तर ताणातल्या सळईसाठी ही लांबी व्यासाच्या जवळपास 36 पट येते. काँक्रीट एम 25 असेल तर पकड कमी, म्हणून लांबी 48 पटींच्या पुढे जाते.

जाडीचा परिणाम इथेच दिसतो. सळईचा व्यास दुप्पट केला की लॅपची लांबी दुप्पट होते, पण प्रत्येक मीटरचे वजन चौपट होते. म्हणजे लॅपमध्ये जाणारे लोखंड आठपट. एम 40 काँक्रीटमध्ये 16 मिमी सळईच्या एका लॅपला सुमारे 0.9 किलो लोखंड लागते, 20 मिमीला पावणेदोन किलो, 25 मिमीला साडेतीन किलो आणि 32 मिमीला सव्वासात किलो. जाड सळईचा कपलरही महाग असतो, पण आटे पाडायची मजुरी आणि मशीनचा खर्च काही आठपट होत नाही.

रुपयांत मांडून पाहू. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून गणितापुरते लोखंड 60 रुपये किलो धरू. कपलर आणि दोन्ही टोकांना आटे पाडण्याची मजुरी मिळून 16 मिमीला 100, 20 मिमीला 140, 25 मिमीला 200 आणि 32 मिमीला 300 रुपये धरू. 16 मिमीच्या लॅपमधले लोखंड 54 रुपयांचे, म्हणजे कपलर जवळपास दुप्पट महाग. 20 मिमीला 106 विरुद्ध 140, तिथेही लॅपच स्वस्त. 25 मिमीला दोन्ही बरोबरीत येतात. 32 मिमीला मात्र लॅप 435 रुपयांचा आणि कपलर 300 चा. तुमच्या साइटचे भाव घातले की बरोबरीची रेघ थोडी मागेपुढे सरकेल, पण बहुतेक वेळा ती 25 मिमीच्या आसपासच पडते. चार-पाच मजल्यांच्या साध्या इमारतीत 12 ते 20 मिमीच्या सळया असतील, तर तिथे कपलरचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

खरा फरक मात्र सळयांच्या गर्दीत पडतो. समजा, एका उंच इमारतीच्या खालच्या मजल्यावर 450 बाय 900 मिमीचा कॉलम आहे, त्यात 32 मिमीच्या 20 सळया, आणि अरुंद बाजूला पाच-पाच सळया ओळीत उभ्या आहेत. दोन्हीकडचे 40 मिमी कव्हर आणि 10 मिमीच्या रिंगा वजा केल्या, तर त्या ओळीसाठी 350 मिमी जागा उरते. पाच सळया त्यातले 160 मिमी खातात. राहिलेले 190 मिमी चार फटींत वाटले की प्रत्येक फट साडेसत्तेचाळीस मिमीची होते. 20 मिमीची खडी त्यातून आरामात खाली जाते. आता लॅपसाठी त्या फटीत 32 मिमीची आणखी एक सळई आली, की मोकळी जागा उरते साडेपंधरा मिमी. खडी वरच अडकते आणि खाली नुसता मसाला झिरपतो. व्हायब्रेटरची सुईही आत जात नाही. सेंटरिंग काढल्यावर तिथे खडीचे मोकळे जाळे, म्हणजे हनीकोंब दिसते. तेही नशीब असेल तर. कारण पोकळी आतल्या अंगाला राहिली, तर बाहेरून काहीच कळत नाही. आणि लॅपचा सगळा भरवसा त्याच काँक्रीटच्या पकडीवर असतो.

म्हणूनच आयएस 456 कॉलममध्ये 6 टक्क्यांपर्यंत लोखंडाला मुभा देते, पण सळया लॅप होणार असतील तर सहसा 4 टक्क्यांच्या वर जाऊ नका असेही सांगते. आपल्या कॉलममध्ये 4 टक्के आधीच भरले आहेत. एका पातळीवर निम्म्या सळया लॅप केल्या, तरी तिथे आकडा 6 वर पोचतो.

त्यात भूकंपाचे नियम येतात. आयएस 13920 नुसार कॉलममधला लॅप मजल्याच्या मोकळ्या उंचीच्या मधल्या निम्म्या भागातच घ्यायचा, आणि एका पातळीवर निम्म्यापेक्षा जास्त सळया जोडायच्या नाहीत. मजला 3 मीटरचा आणि बीम 600 मिमीचा असेल, तर मोकळी उंची 2.4 मीटर आणि तिचा मधला भाग 1.2 मीटर. आपला लॅप 1.15 मीटरचा. तो तिथे जेमतेम बसतो. त्याच मजल्यावर वेगळ्या पातळीला दुसरा लॅप घ्यायला जागाच नाही. मग निम्म्या सळया या मजल्यावर जोडायच्या आणि निम्म्या पुढच्या मजल्यावर. म्हणजे प्रत्येक सळई दोन मजल्यांची, 6 मीटर अधिक लॅपचे 1.15 मीटर. 12 मीटरच्या सळईतून असा एकच तुकडा निघतो आणि 4.85 मीटरचा दुसरा उरतो, ज्याला काम शोधावे लागते. कपलर लावले तर त्याच सळईचे 6 मीटरचे दोन सरळ तुकडे होतात. शिवाय मजल्यामागे एका कॉलममध्ये दहा लॅपचे 72 किलो लोखंड वाचते, आणि 32 मिमीची सळई लॅपसाठी टोकाशी क्रँक करायचा फिटरचा त्रासही टळतो.

मोठ्या भूकंपात कॉलमचे कव्हर फुटून गळून पडू शकते. तसे झाले की लॅपची पकड सुटत जाते. कपलरमध्ये ताण एका सळईतून थेट दुसरीत जातो, मध्ये काँक्रीट नसते. त्यामुळे सळईची पूर्ण ताकद घेऊ शकणारा कपलर असेल, तर तो बीम-कॉलमच्या सांध्याजवळही वापरायला आयएस 13920 परवानगी देते. लॅपला तिथे बंदीच आहे. सळई एका मर्यादेपेक्षा जाड असेल तर आयएस 456 एरवीही सहसा लॅप करू देत नाही.

काही ठिकाणी तर सळया बाहेर काढून ठेवायलाच जागा नसते. भुयारी मेट्रो स्थानकाची डायफ्राम वॉल आधी जमिनीत ओततात आणि स्लॅब नंतर खोदाई करत खाली जाताना जोडतात. भिंतीच्या पिंजऱ्यात कपलर बसवून त्यांची तोंडे झाकून ठेवायची आणि खोदाई झाल्यावर ती उघडून स्लॅबच्या सळया फिरवायच्या, हा तिथला सोयीचा मार्ग. अशा जागी लॅपच्या किमतीशी तुलनाच करायची नसते.

इतके सगळे ऐकून कपलर घ्यावा, पण त्याची कमजोरी ओळखून. लॅपचा दर्जा लांबीवर असतो आणि ती टेपने मोजता येते. कपलरचा दर्जा आट्यांवर असतो, आणि ते आटे बहुतेक वेळा साइटच्या कोपऱ्यात एका मशीनवर रोज शेकड्यांनी पाडले जातात. आपल्याकडच्या नेहमीच्या पद्धतीत सळईच्या टोकावरच्या रिब्स सोलून मग आटे दाबून काढतात. सोलताना जास्त सोलले की सळई तिथे बारीक होते. दुसऱ्या पद्धतीत टोक आधी ठोकून जाड करतात, त्यामुळे आटे पाडल्यावरही मूळ जाडी शिल्लक राहते. ती महाग पडते.

चुका कुठे होतात हे ठाऊक असले की त्या दिसतात. सळई नेहमीच्या कटरने कापली की टोक चेपते आणि किंचित वाकते, त्यामुळे पहिले आटेच बिघडतात. ती करवतीने काटकोनात कापायला हवी. आटे पाडल्यावर प्लास्टिकची टोपी बसवली नाही, तर सिमेंटची स्लरी आणि गंज आट्यांत जाऊन बसतो. मग कपलर अर्ध्यावर अडतो आणि मजूर तो तसाच सोडून देतो. बाहेरून सांधा झालेला दिसतो, पण आत एका सळईचे चारच आटे पकडलेले असतात. यावर सोपा उपाय आहे. दोन्ही सळयांवर कपलरच्या निम्म्या लांबीवर आधीच रंगाची खूण करायची. घट्ट केल्यावर दोन्ही खुणा कपलरच्या कडांना भिडल्या, तर सळया मधोमध टेकल्या आहेत. एका बाजूला आट्यांचा मोठा भाग उघडा दिसला, तर तो सांधा उघडून पुन्हा करायचा. आट्यांचा व्यास गेजने आणि घट्टपणा टॉर्क रेंचने तपासायचा.

कपलरसाठी आयएस 16172 हे स्वतंत्र मानक आहे. त्यात जोडलेली सळई ओढून पाहतात. चांगल्या सांध्यात सळई कपलरपासून दूर, आपल्या अंगात तुटते. आट्यांतून निसटली किंवा आट्यांच्या मुळाशी तुटली, तर तो माल नापास करायचा. दुसरी अट सरकण्याची: ताण देऊन सोडल्यावर आट्यांतल्या ढिलेपणामुळे सांधा 0.1 मिमीपेक्षा जास्त सरकलेला नसावा, नाहीतर काँक्रीटला त्या जागी रुंद तडा जातो. हे नमुने कंपनीच्या पेटीतले नकोत. आपल्या साइटवर, आपल्याच सळईला आटे पाडून केलेले हवेत. शिवाय 32 मिमीचा कपलर सळईपेक्षा बराच जाड असतो. त्याच्यावरून रिंग गेली तर कव्हर तेवढे कमी होते, म्हणून रिंगांच्या जागा ड्रॉइंगमध्येच ठरवून घ्याव्या लागतात.

तेव्हा सळई 20 मिमीपर्यंत असेल आणि जागा मोकळी असेल, तर लॅपच बरा. 25 मिमीला आधी फटी मोजाव्यात. खडी जात नसेल तर दोन पैसे जास्त पडले तरी कपलर घ्यावा. 32 मिमीला कपलर बहुतेकदा स्वस्तच पडतो, पण एका अटीवर: आटे रोज तपासणारा माणूस साइटवर हवा. तो नेमायची तयारी नसेल, तर कॉलमचा आकार वाढवून किंवा सळया बारीक करून लॅपला जागा करून घेणे जास्त सुरक्षित. हे ड्रॉइंग बनतानाच कन्सल्टंटला विचारायला हवे. पिंजरा उभा राहिल्यावर त्याचा उपयोग नाही.