सीएसव्ही आयातीची चाचणी : एका विद्यार्थी-यादीचा अभ्यास

प्रस्तुत लेखात सीएसव्ही धारिका आयात करणाऱ्या सुविधेच्या चाचणीचे विवेचन केले आहे. त्यासाठी पनवेलमधील एखाद्या महाविद्यालयाची १२०० विद्यार्थ्यांची यादी उदाहरणादाखल गृहीत धरली आहे.

पहिला प्रश्न संकेतनाचा. 'पनवेल' हा शब्द युनिकोडमध्ये मात्रेसह पाच वर्णसंकेतांचा असून यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकास तीन, म्हणजे एकूण १५ बाइट लागतात. हे बाइट विंडोज-१२५२ समजून वाचले, तर पडद्यावर `पनवेल` असे उमटते. दृश्य भयावह असले तरी मूळ बाइट शाबूत असतात आणि शब्द परत मिळवता येतो. याउलट धारिका जतन करतानाच देवनागरी नसलेले संकेतन निवडले गेले, तर `?????` उरते व नाव कायमचे नष्ट होते. आयात-प्रणालीने पहिल्या धारिकेचे संकेतन ओळखावे, दुसरी मात्र नाकारावी. म्हणून चाचणीत दोन्ही हव्यात. यूटीएफ-८ धारिकेच्या आरंभी कधी `EF BB BF` हे तीन अदृश्य बाइट असतात. ते पहिल्या शीर्षकास चिकटले, की डोळ्यांना अचूक दिसणारे `PRN` प्रणालीला सापडत नाही.

शीर्षकांच्या द्विरुक्तीत दोष अधिक गुप्त राहतो. विद्यार्थ्याच्या व आईच्या स्तंभांना 'नाव' हेच शीर्षक असल्यास पायथॉनचा `csv.DictReader` कोणतीही तक्रार न करता शेवटचे मूल्य ठेवतो. परिणामी विद्यार्थ्याच्या जागी आईचे नाव नोंदले जाते. अशी धारिका एकही ओळ न वाचता परत करणेच इष्ट.

अवाढव्य ओळ बहुधा एका अवतरणचिन्हातून जन्मते. अवतरणात नवी ओळ येण्यास सीएसव्हीमध्ये मुभा आहे. ४१५ व्या नोंदीतील पत्त्याचे अवतरण बंद झाले नाही आणि पुढे तसे चिन्ह कोठेच नसले, तर उरलेल्या सर्व ओळी त्याच पत्त्यात सामावतात. नोंदीस सरासरी ८० अक्षरे धरल्यास हा पत्ता सुमारे ६३,००० अक्षरांचा होतो. पायथॉनची मूळ मर्यादा १,३१,०७२ असल्याने त्रुटीचा संदेशही येत नाही. '४१५ नोंदी वाचल्या' एवढेच कळते आणि ७८५ विद्यार्थी नाहीसे होतात. पत्ता शेवटच्या स्तंभात नसेल आणि प्रत्येक ओळीतील स्तंभसंख्या तपासली, तर हा दोष लगेच सापडतो.

अंशतः अपयश हा सर्वांत जिकिरीचा भाग होय. प्रणाली १००-१०० नोंदींचे गट कायम करीत असेल आणि ७३१ वी नोंद सदोष निघाली, तर ७०० नोंदी आत राहतात. लिपिक चूक सुधारून संपूर्ण यादी पुन्हा चढवतो. `PRN` अनन्य ठेवला नसेल तर १९०० नोंदी होतात. म्हणून सदोष ओळ पहिल्या, मधल्या व शेवटच्या स्थानी ठेवून तीच धारिका दोनदा चढवावी. प्रत्येक वेळी नव्या, बदललेल्या, जशाच्या तशा राहिलेल्या व नाकारलेल्या नोंदींची बेरीज १२०० भरते का, हे पाहावे. नाकारलेल्या नोंदीचा ओळक्रमांक व कारणही अहवालात हवे, कारण '१ नोंद अयशस्वी' या शब्दांवरून लिपिकाला कोणती नोंद दुरुस्त करायची ते कळत नाही.