ओव्हरटाइमचा नवा दर: परिपत्रक कामगाराला कळेल असे कसे लिहावे

कारखान्यात ओव्हरटाइमचा दर बदलला की नोटीस बोर्डावर परिपत्रक लागते. ते वाचून कामगाराला दोन गोष्टी कळायला हव्यात: एका तासाचे किती रुपये मिळणार आणि कुठल्या तासापासून मिळणार. बहुतेक परिपत्रकांत या दोन्ही गोष्टी असतात, पण कार्यालयीन भाषेच्या आड दडलेल्या असतात. मग पगाराच्या दिवशी टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी रांग लागते आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो.

एका इंजिनिअरिंग कारखान्यातला नमुना म्हणून पुढील मसुदा घेता येईल. हा कारखाना ओव्हरटाइमचा हिशेब करताना महिन्याचा पगार ३० दिवसांनी भागत होता, आता तो २६ दिवसांनी भागणार आहे. मसुदा असा: “सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, अतिरिक्त कामाच्या मोबदल्याच्या परिगणनेकरिता प्रचलित ३० दिवसांच्या भाजकाऐवजी २६ दिवसांचा भाजक विचारात घेऊन नियमानुसार दुप्पट दराने मोबदला अदा करण्यात येईल. सदर सुधारणा जुलैच्या पगारापासून लागू राहील.” यात चुकीचे काही नाही. तरी हे वाचून कामगाराला आपला दर वाढला की कमी झाला, हेसुद्धा कळत नाही. २६ हा आकडा ३० पेक्षा लहान असल्यामुळे अनेकांना दर घटला असेच वाटेल. खरे तर तो वाढला आहे.

सुधारणेला सुरुवात करायची ती ‘पगार’ या शब्दापासून. कुठल्या पगाराला २६ ने भागायचे? पगार स्लिपवर मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता असे अनेक रकाने असतात. ओव्हरटाइमला किमान दुप्पट दर देण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ५९ ने घातले होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनीही दुप्पट दर कायम ठेवला आहे. मात्र दुप्पट कशाची, हे वेतनाच्या व्याख्येवरून ठरते आणि ती व्याख्या संहितांमध्ये वेगळी आहे. घरभाडे आणि प्रवास भत्ता तिच्यात सहसा धरले जात नाहीत, पण असे वगळलेले भत्ते मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात मिळवावी लागते. हा हिशेब कारखान्याने परिपत्रक काढण्याआधीच करून घ्यायचा असतो. कामगारासमोर फक्त त्याचे उत्तर यावे, तेही पगार स्लिपवर छापलेल्या नावांनी. स्लिपवर ‘मूळ पगार’ आणि ‘महागाई भत्ता’ लिहिलेले असेल, तर परिपत्रकातही तेच शब्द हवेत. तिथे ‘बेसिक’, ‘परिलब्धी’ किंवा ‘निर्धारित वेतन’ म्हटले, की तोच आकडा वेगळा वाटू लागतो.

यानंतर भागाकाराचा प्रश्न येतो. महिन्यातल्या साप्ताहिक सुट्ट्या वगळल्या की कामाचे दिवस साधारण २६ उरतात. त्यांना रोजच्या ८ तासांनी गुणले की २०८ तास होतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये घेणाऱ्या कामगाराचा हिशेब करून पाहता येईल. जुन्या पद्धतीत १५,६०० ला २४० तासांनी भागले की तासाचे ६५ रुपये होत आणि दुपटीने ओव्हरटाइमचे १३०. नव्या पद्धतीत २०८ ने भागल्यावर तासाचे ७५ आणि दुपटीने १५० रुपये होतात. म्हणजे प्रत्येक तासामागे २० रुपये वाढले. परिपत्रकाच्या पहिल्याच वाक्यात सांगायची बातमी हीच. भाजक बदलला हे तिचे कारण आहे आणि ते नंतर आले तरी चालते.

दुप्पट या शब्दावरही नेहमी गोंधळ होतो. काहींना वाटते की त्या तासाचा एक दर महिन्याच्या पगारात आधीच आला, म्हणून वर फक्त एकच दर मिळणार. काही सुपरवायझरही तसेच सांगतात. ते बरोबर नाही. महिन्याचा पगार ठरलेल्या ८ तासांच्या पाळीचा असतो आणि जादा तास त्यात धरलेला नसतो. त्यामुळे त्या तासाचे पूर्ण १५० रुपये वेगळे मिळायला हवेत. परिपत्रकात ‘दुप्पट’ इतकेच न लिहिता ‘महिन्याच्या पगाराशिवाय, प्रत्येक तासाला १५० रुपये’ असे लिहिले की हा वाद उरत नाही.

या हिशेबाला आणखी सोपे रूप देता येते. २०८ ने भागून दोनने गुणणे म्हणजे थेट १०४ ने भागणेच. १५,६०० भागिले १०४ केले की मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एका पायरीत १५० येतात. यामुळे पैशांची कटछाटही आटोक्यात राहते. १७,३५० रुपयांच्या पगाराला आधी २०८ ने भागून उत्तर ८३ रुपयांवर आणले, तर दुपटीने १६६ होतात. थेट १०४ ने भागले तर १६६ रुपये ८३ पैसे येतात. महिन्यात २० तास ओव्हरटाइम झाला, तर त्या ८३ पैशांचे १६ रुपये ६० पैसे होतात. रक्कम मोठी नाही, पण पगारातला एवढा फरकही कामगाराच्या लगेच लक्षात येतो आणि तो समजावून सांगणे कठीण जाते. मात्र १०४ कुठून आले हे एका ओळीत सांगावेच लागते, नाहीतर तो आकडा हवेतून काढल्यासारखा वाटतो.

तारखेच्या ओळीवर सर्वांत जास्त विचार करावा लागतो. ‘जुलैच्या पगारापासून’ या दोन शब्दांचे तीन अर्थ निघतात. जुलैत हातात पडणारा पगार हा पहिला अर्थ. जुलै महिन्याचा, पण ७ ऑगस्टच्या आत मिळणारा पगार हा दुसरा. तिसरा अर्थ १ जुलैपासून केलेल्या कामाचा पगार. त्यातच पुष्कळ कारखान्यांत पगाराची हजेरी १ तारखेपासून धरली जात नाही. या नमुन्यातल्या कारखान्यात ती मागच्या महिन्याच्या २६ तारखेपासून चालू महिन्याच्या २५ तारखेपर्यंत धरतात. म्हणून जुलैच्या पगारात २६ ते ३० जूनचे कामही येते. समजा, त्याच १५,६०० रुपयांच्या कामगाराने २९ जूनला ४ तास आणि १ ते २५ जुलैमध्ये ६ तास ओव्हरटाइम केला. दर कामाच्या तारखेवर ठरला, तर ४ तासांचे ५२० आणि ६ तासांचे ९०० मिळून १,४२० रुपये होतात. सगळे तास नव्या दराने धरले तर १,५०० आणि सगळे जुन्या दराने धरले तर १,३००. परिपत्रक एकच, पण त्याच्या आधारे तिघे जण तीन आकडे मागू शकतात आणि तिघांचेही बोलणे रास्त ठरते.

म्हणून लागू होण्याची तारीख पगाराशी न जोडता कामाशी जोडावी. फक्त ‘१ जुलै’ म्हणूनही भागत नाही, कारण कारखाना रात्रीही चालू असतो. तिसरी पाळी ३० जूनला रात्री ११ वाजता सुरू होऊन १ जुलैला सकाळी ७ वाजता संपते. बदली माणूस आला नाही म्हणून एखाद्याला ११ वाजेपर्यंत थांबावे लागले, तर ते ४ तास कुठल्या दराने? दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री ११ नंतर १ जुलैच्या पहाटे ३ पर्यंत थांबला, तर त्याचे काय? कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ मध्ये मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीचे पुढचे तास आदल्या दिवसात धरण्याची पद्धत होती आणि टाइम ऑफिसला ती अंगवळणी पडलेली आहे. कामगार मात्र कॅलेंडर पाहतो. दोघांनाही पटेल अशी सीमा म्हणजे पहिल्या पाळीची वेळ: १ जुलै, सकाळी ७. त्याआधीचा ओव्हरटाइम जुन्या दराने, त्यानंतरचा नव्या. म्हणजे पहाटे ३ पर्यंत थांबलेल्याला १३० चा दर आणि सकाळी ७ ते ११ थांबलेल्याला १५० चा. पंचिंगच्या नोंदीवरून हे कोणालाही तपासता येते.

एवढे ठरल्यावर परिपत्रकाला आठ-दहा ओळी पुरतात:

> विषय: ओव्हरटाइमचा नवा, वाढीव दर
>
> बुधवार, १ जुलै २०२६, सकाळी ७ वाजल्यापासून केलेल्या ओव्हरटाइमला नवा दर मिळेल. त्या वेळेआधी केलेल्या ओव्हरटाइमला जुनाच दर मिळेल.
>
> आपला नवा दर असा काढा: पगार स्लिपवरील मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज करा. तिला १०४ ने भागा. आलेली रक्कम म्हणजे ओव्हरटाइमच्या एका तासाचा दर. ती महिन्याच्या पगाराशिवाय मिळेल.
>
> उदाहरण: बेरीज १५,६०० रुपये असेल, तर एका तासाचे १५० रुपये. जुना दर १३० रुपये होता.
>
> १०४ कसे आले: महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. दर दुप्पट असल्याने २०८ चे निम्मे, १०४.
>
> जुलैच्या पगारात २६ जून ते २५ जुलैचा ओव्हरटाइम येईल. त्यात जुन्या आणि नव्या दराचे तास वेगळे दाखवले जातील.

हे सूत्र मासिक पगारावरच्या कामगारांसाठी आहे. रोजंदारीवर असलेल्याचा दिवसाचा दर आधीच ठरलेला असतो, त्याला ४ ने भागले की पुरते. पीस रेटवर काम करणाऱ्याचा हिशेब निराळा आहे. कारखाने अधिनियमाच्या पद्धतीत त्याच कामावरची त्याची आदल्या महिन्यातली सरासरी रोजची कमाई धरली जात होती, म्हणून त्याच्यासाठी वेगळी सूचना लावलेली बरी. एकाच कागदावर तिन्ही गट आले की ज्याचे सूत्र त्याला सापडत नाही. आणखी एक मर्यादा आहे: दर कमी होत असेल, तर सोपी भाषा पुरेशी नाही. कामगाराचे नुकसान करणाऱ्या वेतनबदलासाठी २१ दिवस आधी रीतसर नोटीस द्यावी लागते आणि परिपत्रक हे त्या नोटिशीची जागा घेऊ शकत नाही.

मसुदा जमला की नाही, हे अधिकाऱ्यांच्या बैठकीत कळत नाही. वेगवेगळ्या पाळ्यांतल्या तीन-चार कामगारांना तो कागद द्यावा आणि आपापल्या पगार स्लिपवरून दर काढायला सांगावे, शेजारी कोणी समजावणारा नसावा. ‘३० जूनच्या रात्रपाळीनंतर थांबलो तर?’ हेही विचारावे. उत्तर चुकले तर वाक्य बदलायचे. पुष्कळदा ते बेरजेत चुकतात, कारण स्लिपवर महागाई भत्ता दोन ओळींत विभागलेला असतो किंवा त्याला दुसरेच नाव असते. असे असेल तर परिपत्रकासोबत पगार स्लिपचा नमुना लावून त्या ओळींवर खूण करावी.

पहिल्या पगाराच्या स्लिपवर ‘ओटी १३० दराने ४ तास’ आणि ‘ओटी १५० दराने ६ तास’ अशा दोन वेगळ्या ओळी छापल्या गेल्या पाहिजेत. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच महिन्यात दोन दर बसत नसतील, तर तो बदल जूनमध्येच करून घ्यावा लागतो. आणि जुने परिपत्रक त्याच दिवशी बोर्डावरून काढावे लागते, कारण दोन्ही कागद शेजारी राहिले तर कोणता खरा, हे पुन्हा टाइम ऑफिसलाच विचारले जाते.