गोवर गेला, पण पोराची वही पुसून गेला

गटाच्या बैठकीत एका ताईने विचारलं, "नातवाला गोवर येऊन चार महिने झाले. पुरळ कधीच गेलं, पण पोर सारखं आजारी. कधी जुलाब, कधी छाती भरते. असं का?"

आपल्या गटाची हिशेबवही आठवा. कोणी किती भरले, कोणाकडे किती येणे, सगळं तिच्यात. शरीरातही अशी वही असते. एकदा येऊन गेलेल्या रोगाची ओळख काही पेशी लक्षात ठेवतात, म्हणून तो पुन्हा आला की शरीर लगेच लढतं. गोवराचा विषाणू नेमका या पेशींवरच हल्ला करतो. पुरळ मावळतं, पण वहीची बरीच पानं कोरी होतात. ती पुन्हा भरायला दोन-तीन वर्षंही लागू शकतात. तोवर साधा खोकलाही न्यूमोनियावर जातो. गोवरात मुलं दगावतात ती बहुतेक न्यूमोनिया आणि जुलाबाने, नुसत्या पुरळाने नाही.

आता 'अ' जीवनसत्त्वाचं बघू. डोळे, घसा, फुप्फुसं आणि आतडी यांचं आतलं अस्तर त्याच्यामुळे धड राहतं. गोवरात अंगातला त्याचा साठा झपाट्याने संपतो. मग अस्तर कमजोर होतं, बुबुळावर फूल पडून दृष्टीही जाऊ शकते. म्हणून गोवर झालेल्या मुलाला दवाखान्यात हे औषध लागोपाठ दोन दिवस देतात. त्या ताईंचा नातू तेव्हा चौदा महिन्यांचा होता. वर्षावरच्या मुलाला रोज 2 लाख युनिट, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या पातळ औषधाचे 2 मिली. सहा महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाला याच्या निम्मं, त्याहून लहान बाळाला पाव. डोळ्यांत बिघाड दिसला तर दोन ते सहा आठवड्यांनी तिसरा डोस.

त्या नातवाला हे मिळालंच नव्हतं. देवी आली म्हणून आठ दिवस घरात ठेवलं, दूध-तेल बंद केलं. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवा, हरकत नाही. पण दवाखाना टाळू नका, जेवण तोडू नका, अंगावरचं दूध चालूच ठेवा. मात्र हे औषध आपल्या मनाने देऊ नका. जास्त झालं तर उलट्या होतात, बाळाची टाळू फुगते.

वर्षावरचं मूल शांत असताना मिनिटाला 40 किंवा जास्त श्वास घेत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, पाणी पीत नसेल, गुंगीत असेल किंवा डोळा पांढुरका दिसला, तर त्याच वेळी निघा.

हे औषध लसीची जागा घेत नाही. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. वही पुसूच न देण्याचा उपाय तोच. आज घरी गेल्यावर बाळाचं कार्ड काढा आणि दोन्ही खुणा आहेत का बघा. एखादी नसेल तर आशाताईंना आजच सांगा.