शेवटची एक ओळ: आयफोनच्या कीबोर्डला ओटीपी कसा कळतो?

या भागाचा विषय तुमच्या बोटाखालून दिवसातून दोन-तीनदा तरी जातो. तुम्ही एखाद्या अ‍ॅपमध्ये लॉगिन करता, मेसेज येतो, आणि मेसेज उघडायच्या आधीच कीबोर्डच्या वरच्या पट्टीत `From Messages` असं लिहून सहा आकडे हजर होतात. टॅप केलं की कोड भरला जातो. हे कसं होतं, आणि त्यातून एक महत्त्वाचा प्रश्न कसा निघतो, तो आज बघू. प्रश्न असा: कीबोर्डने कोड सुचवला म्हणजे समोरची साइट खरी आहे, असं धरून चालायचं का?

आधी एक शंका दूर करू. बऱ्याच जणांना वाटतं की अ‍ॅप आपले मेसेज वाचतं. आयफोनवर तसं होत नाही. इथे कुठल्याही अ‍ॅपला तुमच्या एसएमएसच्या इनबॉक्समध्ये डोकावता येत नाही. अँड्रॉइडवर जशी ‘एसएमएस वाचण्याची परवानगी’ मागणारी खिडकी येते, तशी आयफोनवर येतच नाही. मेसेज वाचते ती फोनची स्वतःची सिस्टीम, आणि तेही फोनवरच. तिला कोड सापडला की ती तो कीबोर्डच्या पट्टीत ठेवते. तुम्ही टॅप करेपर्यंत अ‍ॅपला त्यातला एक आकडाही कळत नाही. ही सोय 2018 मध्ये आयओएस 12 बरोबर आली.

दोन टोकं जुळावी लागतात

पहिलं टोक अ‍ॅपकडे किंवा साइटकडे आहे. ‘या चौकोनात ओटीपी भरायचा आहे’ हे त्यांनी फोनला सांगायला हवं. वेबसाइटवर ते असं सांगतात:

```
<input type="text" inputmode="numeric" autocomplete="one-time-code">
```

आणि आयफोनच्या अ‍ॅपमध्ये असं:

```
otpField.textContentType = .oneTimeCode
```

हे लिहिलेलं नसेल तर फोन कधीकधी अंदाजाने ओळखतो, पण भरवसा नाही. काही अ‍ॅप्स स्वतःचा आकड्यांचा कीपॅड काढतात. तिथे आयफोनचा कीबोर्डच उघडत नाही, मग त्याच्यावरची पट्टी तरी कुठून येणार?

दुसरं टोक म्हणजे मेसेजचा मजकूर. साध्या मेसेजमध्ये फोन अंदाज बांधतो. ‘code’, ‘passcode’ असा एखादा शब्द आणि त्याच्या आसपास कोडसारखे दिसणारे आकडे सापडले, तर हा कोड असणार असं तो ठरवतो. एखादा मेसेज ओळखला गेला की नाही हे बघायची सोपी युक्ती आहे. मेसेज उघडा आणि त्यातल्या आकड्यांखाली रेघ आहे का बघा. त्या आकड्यांवर बोट ठेवल्यावर `Copy Code` असा पर्याय आला, तर फोनला कोड सापडला आहे. नाही आला, तर कीबोर्डही काही सुचवणार नाही.

अंदाज कुठे अपुरा पडतो?

एक उदाहरण धरू. तुमचं खातं `majhedukan.example` या दुकानात आहे. (हा पत्ता फक्त उदाहरणासाठी आहे, असं दुकान नाही.) एका भामट्याने `majhedukan-offer.example` नावाची हुबेहूब तशीच दिसणारी साइट काढली आणि तिची लिंक तुम्हाला पाठवली. तुम्ही तिथे मोबाइल नंबर टाकला. भामट्याने त्याच क्षणी तो नंबर खऱ्या दुकानाच्या लॉगिन पानावर टाकला. आता खऱ्या दुकानाकडून तुम्हाला खरा मेसेज आला:

```
482913 हा तुमचा लॉगिन कोड आहे.
```

मेसेज खरा, कोडही खरा. पण तुमच्यासमोर उघडी आहे ती खोटी साइट. या मेसेजमधून फोनला एवढंच कळतं की 482913 हा कोड आहे. तो कुठल्या साइटसाठी आहे, हे मेसेजमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून खोट्या साइटच्या चौकोनात बोट ठेवलं तरी कीबोर्ड इमानदारीने कोड सुचवतो. तुम्ही टॅप केलं की कोड भामट्याच्या हातात, आणि पुढच्या काही सेकंदांत तुमचं खातंही.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. साध्या मेसेजवरून आलेली सूचना साइटच्या खरेपणाबद्दल काहीच सांगत नाही.

मग शेवटची ओळ काय करते?

यावरचा उपाय अ‍ॅपलच्या वेबकिट टीममधल्या इंजिनिअरांनी 2020 च्या सुरुवातीला मांडला. गुगलचे इंजिनिअरही त्यात सामील झाले, आणि त्याच वर्षी आयओएस 14 मध्ये तो आला. उपाय एका ओळीचा आहे. मेसेजमध्ये माणसाला वाचायचा मजकूर आधी नेहमीसारखाच ठेवायचा, आणि त्याच्याखाली फोनसाठी एक ओळ लिहायची:

```
482913 हा तुमचा लॉगिन कोड आहे.
@majhedukan.example #482913
```

`@` च्या पुढे साइटचा पत्ता, मग एक जागा सोडून `#` आणि त्याच्या पुढे कोड. बस, एवढंच. आता फोनला अंदाज बांधायची गरज राहत नाही. कोड कुठला हे `#` सांगतो. मेसेजमध्ये रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे, ऑर्डर नंबर असे दहा आकडे असले तरी गोंधळ होत नाही. मजकूर मराठीत असला तरी फरक पडत नाही, कारण फोन ही शेवटची ओळ बघतो.

कोड कुणासाठी आहे हे `@` सांगतो. `majhedukan.example` वर, त्याच्या उपपत्त्यांवर (म्हणजे `login.majhedukan.example` वगैरे) आणि त्या दुकानाच्या अ‍ॅपमध्येच कीबोर्ड हा कोड सुचवेल. `majhedukan-offer.example` वर तुम्ही कितीही वेळ चौकोनात बोट ठेवून बसलात तरी पट्टी रिकामीच राहील. डोळ्यांना दोन पत्ते सारखे वाटू शकतात, फोन मात्र अक्षर न् अक्षर ताडून बघतो.

अ‍ॅपच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. ‘हे अ‍ॅप माझंच आहे’ असं साइटने `apple-app-site-association` नावाच्या फाइलमध्ये जाहीर करावं लागतं, आणि अ‍ॅपमध्येही त्या साइटचं नाव नोंदवावं लागतं. दोन्हीकडून हो म्हटलं तरच नातं जुळतं. त्यामुळे कुणीही उठून दुसऱ्याच्या नावाने अ‍ॅप काढलं तर त्याला कोड सुचवला जात नाही.

ओळ लिहिताना काय चुकतं?

आपल्या श्रोत्यांमध्ये अ‍ॅप बनवणारेही आहेत, म्हणून हे थोडं सविस्तर.

पहिली गोष्ट, ही ओळ खरोखरच शेवटची असायला हवी. आपल्याकडे मेसेजच्या शेवटी कंपनीचं नाव टाकायची पद्धत आहे. ते नाव या ओळीच्या खाली गेलं की सगळं फसतं. नाव वरच्या मजकुरात घ्या. `@` च्या पुढे `https://` लावू नका, नुसता पत्ता लिहा.

दुसरी गोष्ट भारतातली. इथे कंपन्यांच्या मेसेजचा नमुना आधी टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी यंत्रणेत नोंदवावा लागतो. नव्या ओळीसह नमुना पुन्हा मंजूर करून घ्या. नोंदवलेल्या नमुन्याशी मजकूर जुळला नाही तर मेसेज वाटेतच अडतो.

तिसरी गोष्ट लांबीची. नुसत्या इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात. एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी ही मर्यादा 70 वर येते, आणि काना, मात्रा, वेलांटी हे सगळं वेगळं मोजलं जातं. आपल्या उदाहरणात वरचं वाक्य 30 अक्षरांचं आहे, शेवटची ओळ 27 ची, आणि मधे ओळ बदलण्याचं एक चिन्ह. एकूण 58, म्हणजे एका मेसेजमध्ये बसलं. आता त्यात ‘हा कोड कुणालाही सांगू नका.’ हे वाक्य घाला. बेरीज 85 होते, आणि एकाच्या जागी दोन मेसेजचे पैसे लागतात. वाक्य ठेवायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण हिशोब आधी करा.

एक चांगली बातमीही आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये वेबसाइटला कोड देण्याची जी सोय आहे, तीही हीच ओळ वाचते. त्यामुळे वेबसाइटसाठी दोन फोनना दोन वेगळे मेसेज लिहावे लागत नाहीत.

आपण काय लक्षात ठेवायचं?

ही ओळ तुम्हाला अडवत नाही, ती फक्त सूचना रोखते. खोट्या साइटवर पट्टी रिकामी दिसली आणि तुम्ही मेसेज उघडून आकडे हाताने टाकले, तर कोड गेलाच. फोनवर कुणाला वाचून दाखवला तरी गेलाच.

म्हणून एक सवय लावा. एरवी एखाद्या साइटचा कोड आपोआप सुचवला जातो आणि आज जात नाहीये, तर हाताने टाइप करण्याआधी मेसेज उघडा. शेवटी `@` ची ओळ आहे का बघा. असेल, तर तो पत्ता आणि ब्राउझरमध्ये वर दिसणारा पत्ता जुळवून बघा. जुळत नसतील तर तिथेच थांबा. ओळच नसेल, तर सूचना न येण्याचं कारण साधंही असू शकतं. पण मग पत्ता तपासायचं काम तुमच्यावर आहे, फोन ते करत नाहीये.

बँकेच्या ओटीपीच्या बाबतीत अजून एक. पट्टीत फक्त आकडे दिसतात. ‘4,999 रुपये अमुक दुकानाला देण्यासाठी’ हा मेसेजमधला भाग दिसत नाही. ही सोय आली त्याच वर्षी सुरक्षा-संशोधक आंद्रेआस गुटमन यांनी नेमका हाच धोका दाखवला होता: माणूस मेसेज वाचणंच सोडून देतो, आणि रक्कम बदललेली असली तरी त्याच्या लक्षात येत नाही. शेवटची ओळही इथे मदत करत नाही, कारण तिच्यात साइटचा पत्ता असतो, रक्कम नसते. लॉगिनचा कोड असेल तर खुशाल टॅप करा. पैशाचा कोड असेल तर आधी मेसेज खाली ओढून पूर्ण वाचा, रक्कम आणि नाव बघा, आणि मगच टॅप करा.

आज जेवढे ओटीपी येतील त्यांची शेवटची ओळ जरा बघून ठेवा. कुठल्या मेसेजमध्ये `@` आहे आणि कुठल्यात नाही, ते आम्हाला नक्की कळवा. कोड मात्र खोडून पाठवा हं! भेटू पुढच्या भागात.