आधी तारीख, मग नावं

राजमाचीला काजवे बघायला जायचं ठरलं की ट्रेकिंग क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘मी येणार’, ‘बघतो’, ‘रविवारी जमेल का?’ असा धुरळा उडतो. काजवे दिसतात ते मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला. पाऊस जोरात सुरू झाला की संपलं. म्हणजे तारीख ठरवण्यात आठवडा घालवून चालत नाही.

अशा वेळी जाणता आयोजक पाठवतो तो निरोप साधारण असा असतो: ‘मंडळी, तीन शनिवार दिले आहेत. लिंक उघडून प्रत्येक तारखेपुढे खूण करा. बुधवारी रात्री नऊला मतदान बंद. ही फक्त तारखेची विचारणा आहे, नावनोंदणी नाही.’

त्यातली लिंक बहुधा डूडलची असते. मिखाएल नेफ या स्वित्झर्लंडमधल्या संगणकतज्ज्ञाने २००३ मध्ये मित्रांबरोबरच्या जेवणाची वेळ जुळवायला हे साधन तयार केलं; कंपनी २००७ मध्ये उभी राहिली. व्हॉट्सअ‍ॅपवरही मतदान घेता येतं, बारा पर्यायांपर्यंत. पण तिथे खूण करायची किंवा सोडायची, एवढंच. डूडलमध्ये ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधे ‘If need be’ असतं, म्हणजे अगदीच गरज पडली तर येईन. खरी गंमत तिथे आहे.

समजा, वीस जणांनी उत्तर दिलं. ३० मे ला ११ ‘हो’, एक ‘गरज पडल्यास’, आठ ‘नाही’. ६ जूनला नऊ ‘हो’, आठ ‘गरज पडल्यास’ आणि फक्त तीन ‘नाही’. नुसते ‘हो’ मोजले तर ३० मे जिंकतो आणि आठ जण घरी राहतात. मधली मतं धरली तर ६ जूनला १७ जण येऊ शकतात, आणि सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर भरते. आयोजकाने हा हिशोब ग्रुपवर मांडलेला बरा, नाहीतर ३० मे वाले रुसतात.

तरीही खूण म्हणजे सीट नव्हे. ‘गरज पडल्यास’वाल्यांतले काही जण आयत्या वेळी गळतातच. म्हणून तारीख ठरल्यावर दुसरा निरोप जातो, गुगल फॉर्मचा: नाव, फोन, कुठून चढणार, शाकाहारी की मांसाहारी, आगाऊ रक्कम भरली का. फॉर्ममध्ये प्रत्येक उत्तराची वेळ आपोआप नोंदवली जाते. त्यामुळे अठरावा कोण, यावर वाद उरत नाही. तो प्रतीक्षा यादीत जातो आणि कुणी गळलं की त्याला फोन जातो. सतरा नावं झाली की फॉर्म बंद करायला मात्र विसरू नये.

डूडलच्या फुकट आवृत्तीत जाहिराती दिसतात, आणि ज्येष्ठ सभासद लिंक उघडायला कंटाळतात. त्यांना आयोजकाने फोन करून विचारावं आणि त्यांच्या नावाने खूण आपणच भरावी.